सात पोळ्या सोडल्या, चार भाकरी धरल्या, अन् वजन जागेवरच

लातूरला माझ्याकडे आहाराचा सल्ला घ्यायला येणाऱ्या दर दहा माणसांत दोन-तीन जण तरी आल्या आल्या एकच वाक्य ऐकवतात, "मॅडम, भात बंद केलाय, गहू बंद केलाय." मग माझा चेहरा बघतात, मी शाबासकी देते का ते पाहायला. मागच्या उन्हाळ्यात एक शिक्षक आले होते. वय 46, उंची पाच फूट सहा इंच, वजन 84 किलो. बसायच्या आधीच म्हणाले, "दोन महिने झाले ज्वारीची भाकरीच खायलोय. भाताला शिवलो बी नाही. मग वजन कामून हलंना?"

सरांचीच गोष्ट इथं सविस्तर सांगते. कारण ज्वारी, बाजरी, नाचणीने वजन उतरतं की नाही, याचं उत्तर त्यांच्या घरच्या पिठाच्या डब्यात सापडलं.

मी त्यांना सांगितलं, आज काही बदलू नका. फक्त घरी गेल्यावर संध्याकाळच्या भाकरी करायच्या आधी पिठाचा डबा काट्यावर ठेवा, आकडा लिहा. भाकरी थापून झाल्या की काठवटीत उरलेलं कोरडं पीठ परत डब्यात घाला आणि डबा पुन्हा ठेवा. जो फरक येईल त्याला भाकरींच्या संख्येने भागा. दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा किचनचा काटा पुरतो. भाजलेली भाकरी मोजून उपयोग नाही, कारण तिच्यात पाणी किती राहिलंय ते तव्यावर अवलंबून असतं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. एका भाकरीला 95 ग्रॅम पीठ. मागून वहिनींचा आवाज, "आमच्याकडं भाकरी अशीच असती, लहान थापली तर सासूबाई काय म्हणतेल!" खरंच आहे ते. शेतावर राबणाऱ्या माणसाच्या मापाची ती भाकरी आहे. आपल्याकडे तवाभर भाकरी म्हणजे तवाभरच. ती खाणारा आता शाळेत खुर्चीवर बसतो, हे तव्याला माहीत नसतं.

आता हिशेब मांडू. पूर्वी सर दिवसाला सात पोळ्या खायचे, घडीच्या, प्रत्येकीत साधारण 30 ग्रॅम कणीक आणि आतून-वरून मिळून अर्धा चमचा तेल. शिवाय दोन्ही वेळा वाटीभर भात, म्हणजे दोन्ही मिळून 80 ग्रॅम कच्चा तांदूळ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले, त्यात 100 ग्रॅम गव्हाच्या पिठाला साधारण 320 कॅलरी आणि पांढऱ्या तांदळाला 356 दिल्या आहेत. त्या मापाने सरांची कणीक 670, तेल 140 आणि तांदूळ 285, एकूण 1100 च्या आसपास.

नंतर त्यांनी दोन वेळा दोन-दोन भाकरी धरल्या. "सातावरून चारावर आलो" असं ते अभिमानाने सांगत होते. पण चार भाकरींचं पीठ झालं 380 ग्रॅम. ज्वारीला त्याच तक्त्यात 100 ग्रॅममागे 334 कॅलरी आहेत, म्हणजे 1270. संख्या घटली आणि धान्यातली कॅलरी 170 ने वाढली.

त्यात भाकरी कोरडी. ती कालवण मागते किंवा तोंडी लावायला काहीतरी मागते. वहिनी रोज शेंगदाण्याची चटणी वाढायच्या आणि वर कच्चं तेल. दिवसभरात 30 ग्रॅम चटणी आणि दोन चमचे तेल धरलं तर आणखी 235 कॅलरी. म्हणजे दोन महिने सर पूर्वीपेक्षा 400 कॅलरी जास्त खात होते आणि तेही अगदी मनापासून पथ्य पाळून. मग वजन वाढलं का नाही? कारण भाकरीबरोबर त्यांनी संध्याकाळचा समोसा आणि चहासोबतची बिस्किटं सोडली होती. त्याचीही किंमत तेवढीच होती. इकडची भर आणि तिकडची घट जुळली आणि काटा जागेवर राहिला. श्रेय मात्र ज्वारीला नाही आणि समोशालाही नाही, असं काहीतरी विचित्र झालं होतं.

इथे एक गोष्ट नीट बघायला हवी, कारण सगळा गैरसमज तिच्यात आहे. ज्वारी 334, बाजरी 348, नाचणी 321, गव्हाचं पीठ 320, तांदूळ 356. हे 100 ग्रॅम कोरड्या धान्याचे आकडे. यांत असा कोणता फरक आहे की जो नुसता धान्य बदलून पोट आत घेईल? बाजरी तर गव्हापेक्षा थोडी जास्तच, कारण तिच्यात पाच टक्क्यांवर चरबी असते. म्हणून तर बाजरीचं पीठ लवकर कडू पडतं. "भरडधान्यात कॅलरी कमी" हे वाक्य जिथे दिसेल तिथे माझा आक्षेप नोंदवून घ्या.

"पण त्यात फायबर असतं ना?" असतं. याचं उत्तर कुणाशी तुलना करता त्यावर आहे. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात 100 ग्रॅमला तीनेक ग्रॅम तंतू, मैद्यातही तेवढेच. ज्वारीत दहा, बाजरी आणि नाचणीत अकराच्या आसपास. इथपर्यंत गोष्ट भरडधान्यांच्या बाजूची आहे. पण गिरणीतून दळून आणलेल्या, कोंड्यासकटच्या गव्हाच्या पिठात किती? तेही अकराच. म्हणजे भाताच्या जागी भाकरी आणली तर तंतू तिपटीहून वाढतात. घरच्या गव्हाच्या पोळीच्या जागी आणली तर तंतूंच्या बाबतीत जवळपास काहीच घडत नाही.

यावर कुणीतरी लगेच अभ्यासांचा दाखला देतं. 2021 मध्ये हैदराबादच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेच्या पुढाकाराने जगभरातल्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता. भरडधान्यं खाणाऱ्यांची रक्तातली साखर कमी झाल्याचं त्यात दिसलं. आढावा खरा आहे आणि त्यातला निष्कर्षही मला पटतो. पण जेवणानंतर साखर किती चढते याची तुलना त्यात पांढरा तांदूळ आणि पांढरा केलेला गहू यांच्याशी होती. आपल्या गिरणीच्या कणकेशी नव्हे. शिवाय साखर कमी चढणं आणि अंगावरची चरबी उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीवरून दुसरी आपोआप होते, असं नाही.

मग भाकरीचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण तो धान्याच्या आतल्या कुठल्या गुपितात नाही. तो भाकरी करण्याच्या आणि खाण्याच्या पद्धतीत आहे.

पोळीला तेल लागतं. कणीक मळताना, घडी घालताना, भाजल्यावर वरून. भाकरीला फक्त उकळतं पाणी आणि पाण्याचा हात. सात पोळ्यांतलं 140 कॅलरींचं तेल भाकरीत मुळातच नसतं. दुसरं, भाकरी चावावी लागते. मऊ तुपाची पोळी दोन घासांत गायब होते. भाकरीचा घास तोंडात फिरवावा लागतो, जेवण लांबतं आणि पोट भरल्याची जाणीव व्हायला वेळ मिळतो. तिसरं कारण मला सगळ्यात कामाचं वाटतं. पोळी "अजून अर्धी वाढ" करत करत सातवर जाते. भाकरी मोजायला सोपी असते. थापायलाही कष्ट पडतात, म्हणून करणारी बाई आग्रह करत नाही! हे गमतीने म्हणत नाही. ज्या घरात भाकरी मापाने थापली जाते तिथे ती आपोआप लगाम घालते. जिथे तवाभर थापली जाते तिथे तीच भाकरी लगाम तोडते.

सरांचा बेत असा केला. भाकरी 60 ग्रॅम पिठाची. वहिनींनी एक दिवस काट्यावर पीठ घेऊन त्या मापाची वाटी ठरवली, मग रोज मोजायची गरज उरली नाही. असा उंडा हातात मोठ्या लिंबाहून थोडा मोठा वाटतो आणि भाकरी तव्याच्या काठापासून चांगली दोन बोटं आत राहते. दिवसाला तीन, म्हणजे प्रत्येक वेळी दीड. धान्य झालं 180 ग्रॅम, कॅलरी 600. चटणी चहाच्या चमच्याने एक, वर तेल नाही. ठेचा चालेल, पण तो तेलात तळलेला नको.

फक्त एवढ्यावर थांबले असते तर चौथ्या दिवशी रात्री दहा वाजता सरांचा हात चिवड्याच्या डब्यात गेला असता. आणि गेलाच. मी सुरुवातीला वरणाकडे नीट लक्ष दिलं नव्हतं, ही माझी चूक. आपल्याकडे वरण म्हणजे बहुतेकदा हळद घातलेलं पिवळं पाणी असतं, दोन चमचे डाळीत चौघं जेवतात. ज्वारीत 100 ग्रॅमला दहाएक ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे गव्हाएवढीच. त्यातही ज्वारीचं प्रथिन शिजवल्यावर जरा आवळल्यासारखं होतं आणि नीट पचत नाही. शिवाय सगळ्याच धान्यांत लायसीन नावाचा घटक कमी असतो आणि तोच डाळीत भरपूर असतो. पिठलं-भाकरी, डाळ-भाकरी, मटकीची उसळ आणि भाकरी या जोड्या आपल्या आज्यांनी लायसीन मोजून लावल्या नव्हत्या, पण लागल्या बरोबर. कमी खाताना प्रथिनं पुरेशी नसली की दोन तोटे होतात. भूक लवकर लागते आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

म्हणून सरांचं वरण दोन्ही वेळा घट्ट केलं. दिवसाला 60 ग्रॅम डाळ जास्त, नाश्त्याला 30 ग्रॅम मटकीची उसळ, दोन्ही जेवणांत पेलाभर ताक आणि मेथी, चाकवत, पालक, जे माळवं असेल त्याची पाणी घातलेली भाजी. या सगळ्याची भर साधारण 425 कॅलरी. भाकरी, चटणी, तेल यांतून कापलेल्या 870 वजा केल्या तर रोजची खरी घट साडेचारशेच्या जवळ आली.

साडेचारशे म्हणजे किती? अंगावरच्या एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी धरतात. आठवड्याला 3150 ची तूट म्हणजे 400 ग्रॅम. दहा आठवड्यांत चार किलो. हा कागदावरचा आकडा. प्रत्यक्षात माणूस कमी खाऊ लागला की नकळत हालचालही थोडी कमी करतो आणि वजन घटलं की शरीराचा खर्चही उतरतो. सरांचं दहा आठवड्यांत तीन किलो कमी झालं आणि बेंबीच्या रेषेवरचा घेर दोन इंचांनी. कुणाला हे कमी वाटेल. मला ते अगदी हिशेबाला धरून वाटलं.

आता एक विचित्र गोष्ट सांगते, जी मलाही आकडे मांडल्यावरच दिसली. पहिल्या पोळी-भाताच्या दिवसांत सरांना धान्यातून मिळणारे तंतू 26 ग्रॅम होते. चार मोठ्या भाकरींच्या काळात 39. आणि वजन उतरलं त्या काळात फक्त 18! डाळ, उसळ, भाजीने ती कसर भरून काढली, पण धान्याच्या तंतूंच्या जोरावर चरबी उतरली असं म्हणायची सोय राहिली नाही. सगळ्यात जास्त तंतू खाल्ले तेव्हा काटा हलला नव्हता.

मग पोळीवरच राहून हे जमलं असतं का? जमलं असतं. बिनतेलाच्या सहा फुलक्यांत तेच 180 ग्रॅम पीठ आणि 575 च्या आसपास कॅलरी. ज्या घरात भाकरी थापणारं कुणी नाही, किंवा भाकरी खाल्ली की ज्यांचं पोट गच्च होतं, त्यांनी उगाच अपराधी वाटून घेऊ नये.

भाताचंही तसंच. शिजलेल्या भाताची छोटी वाटी म्हणजे 40 ग्रॅम तांदूळ, 140 कॅलरी. सरांची एक जुनी भाकरी 317 ची होती. भात बदनाम झाला तो वाटीमुळे नाही, दुसऱ्यांदा वाढून घेण्यामुळे. तो चावावा लागत नाही, आमटीबरोबर घसरतो, आणि जेवण झाल्यावर "थोडा ताक-भात" म्हणून पुन्हा येतो. बंद करायचा असेल तर हा शेवटचा ताक-भात बंद करा, त्यातच खरी बचत असते.

नाचणीबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण मराठवाड्यात ती आपली नाही. ती कोकणातली, घाटावरची. आपल्याकडे काळ्या रानात रब्बीची मालदांडी ज्वारी पिकते, बीड-जालन्याकडे हलक्या जमिनीत बाजरी येते. नाचणी दुकानातून पाकिटात येते आणि "वजन कमी करणारी" म्हणून दुप्पट भावात खपते. तिचं खरं मोठेपण कॅल्शियममध्ये आहे. 100 ग्रॅममध्ये 364 मिलिग्रॅम, बाकी कुठलंही रोजचं धान्य तिच्या जवळपास जात नाही. वाढत्या मुलांना, चाळिशीनंतरच्या बायकांना ती जरूर द्या. पण प्रथिनं तिच्यात सातच ग्रॅम, ज्वारीपेक्षा कमी. आणि बहुतेक लोक तिचं सत्त्व करून, दूध-गूळ घालून पितात. सत्त्व काढताना कोंडा गाळून टाकला, उरलेलं शिजवून पातळ केलं, गोड केलं. चावायचं काम संपलं, तंतू चोथ्यात गेले. अशी पेज पटकन पचते, साखर पटकन चढते आणि दोन तासांत भूक परत येते. नाचणी खायचीच असेल तर भाकरी करून खा, सोबत उसळ घ्या.

दळण्याचा प्रश्न सगळ्याच धान्यांना लागू आहे. दाणा जितका अखंड, तितकी पचनाला मेहनत जास्त आणि साखर हळू चढते. अख्खी ज्वारी, मग जाड भरडलेल्या कण्या, मग जाडसर पीठ, मग मैद्यासारखं बारीक पीठ, अशी ती उतरंड आहे. आपल्याकडे पूर्वी कण्या नेहमीच्या होत्या, ताकात कालवून खायचे. आता कण्या मागितल्या तर गिरणीवाला आश्चर्याने बघतो. मधुमेह असलेल्यांना मी आठवड्यातून तीनदा संध्याकाळी भाताऐवजी ज्वारीच्या कण्या सुचवते. वजनासाठी त्यांचा फायदा एवढाच की वाटीभरात पोट टिकतं.

शिळ्या भाकरीबद्दल हमखास विचारतात. भाकरी गार झाली की तिच्यातल्या पिठूळ भागाचा थोडासा हिस्सा घट्ट बसतो आणि लहान आतड्यात पचत नाही. हे खरं आहे, पण तो हिस्सा फार लहान आहे. सकाळी ताकाबरोबर शिळी भाकरी चुरून खायची तर आवडीने खा. तेलात परतून, कांदा घालून केलेली फोडणीची भाकरी म्हणजे मात्र नवा पदार्थ झाला, त्याचे चमचे मोजा.

2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि तेव्हापासून दुकानं "मिलेट" शब्दाने भरून गेली. पाकिटाच्या पुढच्या बाजूला काहीही लिहिलेलं असो, मागे घटकांची यादी असते आणि ती वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. नाचणी बिस्किटाच्या यादीत पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल आणि मग कुठेतरी टक्केवारीसह नाचणी दिसली, तर ते मैद्याचंच बिस्किट आहे. ज्वारीच्या लाह्या घरी फोडल्या तर हलक्या असतात, त्यांचाच तेलात तळलेल्या शेंगदाण्यांसह चिवडा झाला की हिशेब बदलतो. सरांच्या स्टाफरूममध्ये एक ज्वारी चिवडा फिरत होता, "ज्वारीचाच आहे" म्हणून सगळे मूठभर घ्यायचे. चौथ्या आठवड्यात त्यांचं वजन अडकलं होतं ते तिथे.

भगरीचंही थोडं सांगते. वरी, राळे, कोद्रा ही बारीक धान्यंही याच कुळातली. पण उपवासाला मिळणारी पांढरीशुभ्र भगर साल काढून पॉलिश केलेली असते, म्हणजे तांदळाची बहीणच. वर शेंगदाण्याची आमटी, तूप, साबुदाणा वडा. उपवासाच्या दिवशी वजन कमी होण्याऐवजी पाऊण किलो वाढून आल्याच्या तक्रारी मला महाशिवरात्रीनंतर ठरलेल्या असतात. आणि वजनापेक्षा महत्त्वाचं, भगरीने उलट्या-जुलाब झाल्याच्या बातम्या आपल्या भागातून अधूनमधून येतात. ओल लागलेल्या धान्याला बुरशी धरते. सुटं, तयार दळलेलं भगरीचं पीठ घेऊ नका. पाकीटबंद भगर आणा, निवडा, धुऊन वाळवा आणि लागेल तेवढीच घरी दळा.

बाजरीबद्दल काळजी एकच. पीठ आठवड्याला पुरेल एवढंच दळा, वास बदलला की टाका. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिन्ही त्रिकाळ फक्त बाजरीच असं करू नका, तिच्यातले काही घटक आयोडीनच्या कामात आडवे येतात. हिवाळ्यात दोन-चारदा तिळाची बाजरीची भाकरी खाणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. आणि मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी धान्य एकदम निम्म्यावर आणण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. औषध जुन्या जेवणाच्या मापाचं असतं, जेवण घटलं आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर फार खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येते.

शेवटी काट्याबद्दल, कारण माणसं सगळ्यात जास्त फसतात ती तिथे. भात-पोळी सोडून कमी धान्यावर आलं की पहिल्याच आठवड्यात किलो-दीड किलो वजन उतरतं. लोक ज्वारीला हात जोडतात. ती चरबी नसते. आपल्या यकृतात आणि स्नायूंत पिठूळ अन्नाचा साठा असतो, त्याच्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. खाणं घटलं की साठा उतरतो आणि पाणी निघून जातं. दुसऱ्या आठवड्यात काटा थांबतो आणि माणूस हिरमुसतो, तेव्हा खरं तर चरबी उतरायला नुकती सुरुवात झालेली असते. म्हणून मी रोज वजन करायला सांगत नाही. आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर, आणि पंधरा दिवसांनी बेंबीवर टेप.

हीच गोष्ट उलट्या बाजूनेही होते. सरांचं वजन डिसेंबरपर्यंत 79 वर आलं होतं. मग वेळ अमावस्या आली. शेतात कोपीपुढे बसून अंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, शेंगदाण्याच्या पोळ्या, आणि पाहुण्यांचा आग्रह. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फोन. "मॅडम, एकाच दिवसात दीड किलो! सगळं गेलं वाया." एका दिवसात दीड किलो चरबी चढवायची तर साडेअकरा हजार कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतील, खीर कितीही झाली तरी तेवढी होत नाही, असं मी त्यांना समजावलं. मीठ, साठा आणि त्याचं पाणी. दीड-दीड भाकरी पूर्ववत चालू ठेवा आणि पाच दिवस काट्याकडे जाऊ नका, म्हटलं. ते तिसऱ्याच दिवशी चढले, तेव्हा काटा 79.4 दाखवत होता. पाचव्या दिवशी 79.